प्लॉटचं कर्ज: तीन वर्षांची मुदत म्हणजे खरं तर दोनच हिवाळे

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या भोवताली नवे लेआउट पडतात, तिथे लागणाऱ्या फलकांवर ‘80 टक्के कर्ज उपलब्ध’ असं हमखास लिहिलेलं असतं. त्यावरून प्लॉटचं कर्ज म्हणजे घराच्या कर्जाचाच धाकटा भाऊ, असा समज होतो. दोन्ही कर्जं त्याच शाखेत आणि त्याच टेबलावर मिळतात, पण त्यांचं गणित वेगळं आहे. सगळ्यात मोठा फरक व्याजदराचा नाही. ठरावीक मुदतीत त्या जागेवर घर बांधून दाखवण्याचं जे बंधन मंजुरीपत्रात असतं, तो खरा फरक. बहुतेकांना त्याची आठवण बँकेचं पत्र आल्यावर होते.

हा लेख त्या मुदतीभोवती आहे. प्लॉट बघितल्यापासून घर पूर्ण झाल्याचा कागद बँकेत देईपर्यंतचा रस्ता क्रमाने मांडला आहे.

मुदत मुळात येते कुठून

बँकांनी घरासाठी कर्ज द्यावं, जमिनीच्या सट्ट्यासाठी देऊ नये, ही रिझर्व्ह बँकेची जुनी भूमिका आहे. घरबांधणीच्या कर्जांबद्दलच्या तिच्या सूचनांत प्लॉट खरेदीला परवानगी आहे, पण एका अटीवर. या प्लॉटवर मी घर बांधणार आहे, बँकेच्या पैशाने किंवा स्वतःच्या, आणि ते बँकेने ठरवलेल्या काळात बांधणार आहे, असं लेखी निवेदन कर्जदाराने द्यायचं. काळ किती, हे रिझर्व्ह बँक सांगत नाही, ते प्रत्येक बँक ठरवते. म्हणून कुठे दोन वर्षं, कुठे तीन आणि कुठे पाच वर्षं अशी मुदत दिसते.

कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात सही केलेलं ते निवेदन म्हणजेच तुमची मुदत. त्याची झेरॉक्स मागून घ्या आणि तीन गोष्टी शोधा. मुदत मंजुरीच्या तारखेपासून मोजायची की पैसे सुटल्याच्या? या दोन तारखांत सहज दोन-तीन महिन्यांचा फरक पडतो. त्या काळात बांधकाम सुरू करायचं आहे की पूर्ण? आणि पूर्ण झालं हे कोणत्या कागदाने सिद्ध करायचं, भोगवटा प्रमाणपत्राने, आर्किटेक्टच्या दाखल्याने की घरपट्टीच्या आकारणीने? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तोंडी ऐकून चालणार नाही. अधिकारी बदलतो, कागद बदलत नाही.

घराच्या कर्जापेक्षा अटी कडक का

फ्लॅट जप्त करून विकला तर घेणारा लवकर सापडतो. गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटचं तसं नसतं. त्याचा भाव ठरवणं अवघड, त्यावर अतिक्रमण होऊ शकतं, हद्दीचे वाद निघतात आणि मंदीत तो वर्षभर पडून राहतो. शिवाय माणूस राहत्या घराचा हप्ता पोटाला चिमटा काढून भरतो, मोकळ्या जागेचा हप्ता अडचणीत आधी थांबवतो. बँक ही जोखीम तीन ठिकाणी वसूल करते: कर्ज कमी देते, मुदत कमी देते आणि व्याज थोडं जास्त लावते.

घरासाठी रिझर्व्ह बँकेची मर्यादा 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 90 टक्के आहे. प्लॉटला बँका सहसा 70 ते 80 टक्क्यांवर थांबतात. घराचं कर्ज 30 वर्षांपर्यंत मिळू शकतं, प्लॉटचं साधारण 10 ते 15 वर्षं. व्याजात पाव ते एक टक्का फरक धरा.

त्यातही टक्केवारी कशावर लावतात, हे महत्त्वाचं. खरेदीखतातली किंमत आणि बँकेच्या मूल्यमापकाने काढलेली किंमत, या दोन्हींत जी कमी तीवर. रस्ता कच्चा, खांबावर दिवा नाही, शेजारचे प्लॉट रिकामे, अशा लेआउटमध्ये मूल्यमापकाचा आकडा बाजारभावाच्या खाली येतो. आणि ‘कागदावर कमी, बाकीचे रोख’ असा व्यवहार ठरला असेल तर कर्ज फक्त कागदावरच्या रकमेवर मिळतं. मधली सगळी दरी तुमच्या खिशातून भरावी लागते. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख रक्कम घेण्याला आयकर कायद्याने बंदी आहे, ते वेगळंच.

एक हिशोब मांडून पाहू

हे उदाहरण काल्पनिक आहे, आकडे वास्तवाच्या जवळचे आहेत. लातूर महापालिका हद्दीत 30 बाय 50 फुटांचा, म्हणजे 1,500 चौरस फुटांचा प्लॉट आहे. दर 1,800 रुपये, एकूण 27 लाख. घेणारं जोडपं जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि खासगी दवाखान्यात नोकरीला, दोघांचा मिळून हातात येणारा पगार 60,000. मूल्यमापकाने किंमत 25 लाख काढली.

बँकेचे 75 टक्के म्हणजे 25 लाखांवर 18,75,000. उरलेले 8,25,000 स्वतःचे. मुद्रांक शुल्क 6 टक्के धरलं तर 27 लाखांवर 1,62,000. नोंदणी फी 1 टक्का, 27,000 (ही फी 30,000 च्या वर जात नाही). वकिलाचा शोध अहवाल, मूल्यमापन, प्रक्रिया शुल्क आणि गहाणखताचा खर्च मिळून 30,000 धरा. म्हणजे हातात साडेदहा लाखांच्या आसपास रोकड हवी. मुद्रांक आणि नोंदणी हे खर्च बँक कर्जाच्या हिशोबात धरत नाही, हे विसरून अनेकांचा व्यवहार इसार देऊन झाल्यावर अडतो.

आता हप्ता. 18,75,000 रुपये, 9 टक्के, 15 वर्षं: महिना सुमारे 19,000. तेवढीच रक्कम घराचं कर्ज म्हणून साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांना मिळाली असती तर हप्ता 16,300 च्या आसपास बसला असता.

इथपर्यंत जोडप्याला जमतं. खरी गोष्ट पुढे आहे. प्लॉटवर 1,000 चौरस फुटांचं एकमजली घर, 2,000 रुपये चौरस फुटाने 20 लाखांचं. त्यासाठी 16 लाखांचं दुसरं कर्ज लागेल. बँक सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत जाऊ देते, म्हणजे इथे 30,000. त्यातले 19,000 प्लॉटने आधीच अडवले. उरलेल्या 11,000 मध्ये साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांना साडेबारा लाखांच्या आसपास कर्ज बसतं. साडेतीन लाख कमी पडले. त्यात दुचाकीचा किंवा सोसायटीचा एखादा हप्ता असेल तर आणखी कमी.

म्हणजे बांधायची मुदत अंगावर, आणि बांधायचं कर्ज प्लॉटच्या हप्त्यानेच अडवलेलं. प्लॉटची कर्जं इथेच फसतात. म्हणून प्लॉट ठरवण्याआधी प्लॉटचं कर्ज किती मिळेल हे विचारू नका. प्लॉटचा हप्ता चालू असताना बांधकामाला किती मिळेल, हे विचारा. तो आकडा बांधकामाच्या खर्चाला पुरत नसेल तर प्लॉट तुमच्या पगाराला मोठा आहे.

जोड कर्ज: प्लॉट आणि बांधकाम एकत्र

याला उपाय आहे. प्लॉट आणि बांधकामाचं एकत्र कर्ज बऱ्याच बँका देतात. मंजुरी एकदाच होते, प्लॉटचा भाग रजिस्ट्रीच्या दिवशी सुटतो आणि बांधकामाचा भाग पाया, जोते, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी. दर आणि परतफेडीची वर्षं घराच्या कर्जासारखी मिळतात. वरच्या उदाहरणात 18.75 आणि 16 लाख मिळून 34.75 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता सुमारे 30,150. दोन वेगळ्या कर्जांत तोच आकडा 32,900 झाला असता. जोडप्याची 30,000 ची मर्यादा जवळजवळ इथे बसते, रक्कम थोडी कमी केली तर पूर्णच.

अडचण अशी की जोड कर्जात बांधकाम सुरू करण्याची मुदत बरीच आखूड असते. त्यामुळे आराखडा आणि आर्किटेक्टचा अंदाजपत्रक कागद अर्जासोबतच लागतो. बांधकाम परवानगी मात्र तुमच्या नावावर प्लॉट झाल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे ती रजिस्ट्रीनंतर जोडायची असते. दीड-दोन वर्षांत घर बांधायचं पक्कं असेल तर जोड कर्जच घ्या, हे आमचं स्पष्ट मत. पाच वर्षांनी बघू, असं मनात असेल तर नुसतं प्लॉटचं कर्ज घेऊन मुदत पाळता येईल का, हे आधी ठरवा.

मधला एक मार्गही आहे. काही बँका बांधकाम सुरू होताना चालू प्लॉटच्या कर्जाला घराच्या कर्जात मिसळून घेतात. तसं होणार असेल तर त्याची ओळ मंजुरीपत्रात आहे का ते बघा, नाहीतर शाखेकडून ईमेलवर लिहून घ्या.

इसार देण्याआधी कागद

मराठवाड्यात प्लॉटचं कर्ज नाकारलं जातं ते पगारामुळे कमी आणि जमिनीच्या जुन्या इतिहासामुळे जास्त. हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे देवस्थान इनाम, मदतमाश, खिदमतमाश अशा उदरनिर्वाहासाठी किंवा सेवेच्या बदल्यात दिलेल्या जमिनी, आणि हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखालची संरक्षित कुळं, हे वारसे सातबाऱ्यात अजून दिसतात. तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा.

सातबाऱ्यावर भूधारणा ‘भोगवटादार वर्ग-1’ आहे का? वर्ग-2 असेल तर ती जमीन विकायला सरकारची परवानगी आणि बहुतेक वेळा नजराणा लागतो. तो न भरता पडलेल्या लेआउटवर बँकेचा वकील सही करत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव, बोजा किंवा ‘इनाम’ असा शब्द आहे का? आणि मागचे फेरफार सलग आहेत का? आजोबांच्या नावावरची जमीन वारसांपैकी दोघांनीच विकली, बहिणींची नावं वगळली, हा सगळ्यात नेहमीचा दोष आहे. वकील साधारण 30 वर्षांचा शोध घेतो, तिथे तो उघडा पडतो. सातबारा आणि फेरफार महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचे काढता येतात, हे काम एजंटावर सोडू नका.

दुसरा मुद्दा लेआउटचा. जमीन बिगरशेती म्हणजे एनए झाल्याचा पुरावा हवा आणि नगररचना विभागाने मंजूर केलेला अंतिम नकाशा हवा, ज्यात तुमच्या प्लॉटचा क्रमांक आणि मापं आहेत. ‘तात्पुरता मंजूर’ हा अंतिम नव्हे. विकासकाने 500 चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकायला काढले असतील तर महारेराची नोंदणीही बघा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर विकला जाणारा किंवा गुंठेवारीतला प्लॉट स्वस्त असतो, त्याचं कारणच हे की त्यावर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित केलेल्या प्लॉटचं प्रमाणपत्र असेल तर काही बँका विचार करतात. नुसती ‘फाईल टाकली आहे’ ही तोंडी खात्री चालत नाही.

इसारपत्रात एक वाक्य नक्की घाला: बँकेने मालकी किंवा परवानगीच्या कारणाने कर्ज नाकारलं तर इसाराची रक्कम अमुक दिवसांत परत. विक्रेता हे वाक्य घालायला तयार नसेल तर त्याला कागदातला दोष माहीत असण्याची शक्यता आहे.

जमीन खणून पाहा

ही पायरी बँक सांगत नाही, पण मुदत पाळायची तर हिला पर्याय नाही. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. त्या मातीवर उथळ पाया घातला तर दोन पावसाळ्यांत भिंतींना तिरक्या चिरा जातात. म्हणून पाया काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. मुरूम तीन फुटांवर आहे की आठ, यावर पायाचा खर्च दुप्पट होऊ शकतो.

विक्रेत्याच्या परवानगीने जेसीबीने प्लॉटच्या दोन टोकांना एकेक खड्डा घ्या. तासाभराचं काम आहे. काळी माती किती फूट, मग मुरूम की पिवळी माती, हे अभियंत्याला दाखवून त्याच्या अंदाजपत्रकात घाला. हा आकडा आधी माहीत नसेल तर बांधकामाचं कर्ज पायातच संपायला लागतं, आणि पुढच्या टप्प्याचा पैसा बँक मागच्या टप्प्याचं काम पूर्ण दिसल्याशिवाय सोडत नाही. अर्धवट जोत्यावर थांबलेली घरं आपल्या भागात दिसतात, त्यातल्या कितीतरींचं मूळ इथे आहे.

मुदत उलटी मोजा

आता कॅलेंडर घेऊन बसा. समजा प्लॉटचे पैसे जून 2026 मध्ये सुटले आणि बँकेची मुदत बांधकाम पूर्ण करायला तीन वर्षं आहे. शेवटची तारीख जून 2029. कागदावर 36 महिने भरपूर वाटतात. पण मराठवाड्यात घर बारा महिने बांधता येत नाही.

काळ्या मातीत पाया पावसाळ्यात खणला तर खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि तळाशी चिखल साचतो. फेब्रुवारीनंतर पाणी कमी होत जातं आणि एप्रिल-मेमध्ये टँकरवर भागवावं लागतं. काँक्रीट मात्र पाण्याशिवाय पक्कं होत नाही. आपल्याकडच्या प्रमाण नियमांत साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, मिश्र सिमेंटला आणि गरम कोरड्या हवेत किमान 10 दिवस ओलं ठेवायला सांगितलं आहे. मेच्या उन्हात टँकरवर स्लॅब ओला ठेवताना गवंडी आणि मालक दोघंही हात आखडतात, आणि त्याच्या भेगा नंतर गळतात. म्हणून इथला सोयीचा क्रम असा: दिवाळी संपली की पाया, डिसेंबर अखेर जोते, फेब्रुवारीत स्लॅब. गिलावा, फरशी, वायरिंग, दारं-खिडक्या अशी कामं मग उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात छताखाली करता येतात. साधारण दहा ते बारा महिने.

आता 2029 च्या जूनपासून मागे या. 2028 च्या दिवाळीनंतर पाया घातला तर हातात सात-आठ महिने उरतात. स्लॅब वेळेत होईल, घर आणि त्याचा दाखला होणार नाही. म्हणजे तिसरा हिवाळा बाद. 2026 ची दिवाळी खरेदीनंतर पाचव्या महिन्यात येते, तेव्हा बहुतेकांकडे पैसा नसतो. राहिली 2027 ची दिवाळी. 36 महिन्यांच्या मुदतीत पाया घालायला हिवाळे दोनच, आणि त्यातला खरा एकच.

त्या दिवाळीला पाया घालायचा तर त्या आधी हे उरकलेलं असायला हवं. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी: अर्ज ऑनलाइन होतो, पण भूकरमापक शेतात पिकं उभी असताना किंवा पाऊस असताना लवकर येत नाही, म्हणून अर्ज 2027 च्या जानेवारी-फेब्रुवारीत टाका. मोजणी झाली की कोपऱ्यांवर दगड रोवा आणि साधं तारेचं कुंपण घाला. शेजाऱ्याने दोन फूट आत बांधलेली भिंत पायाच्या दिवशी कळली तर काम बंद पडतं आणि मुदत चालूच राहते.

मग बांधकाम परवानगी, एप्रिल ते जुलैदरम्यान. राज्यात 2020 पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या मंजूर लेआउटमधल्या प्लॉटला सोपी पद्धत आहे: परवानाधारक अभियंत्याने नियमात बसवलेला आराखडा, मालकीचा कागद आणि शुल्क दाखल केलं की पोच हीच परवानगी धरली जाते. आपल्या उदाहरणातला 1,500 चौरस फुटांचा प्लॉट 139 चौरस मीटर भरतो, म्हणजे यात बसतो. बँकेला मात्र शिक्का असलेला आराखडा लागतो, तेव्हा पोच आणि नकाशा दोन्हींवर शिक्का घेऊनच बाहेर पडा. परवानगी एका वर्षासाठी असते. दरवर्षी वाढवून घेता येते, पण मूळ वर्ष धरून एकूण चार वर्षांच्या पुढे नाही. म्हणून ‘आताच काढून ठेवू’ असं म्हणून प्लॉट घेतल्याबरोबर परवानगी काढू नका, आणि काढली तर नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बांधकाम कर्जाचा अर्ज. त्याच बँकेकडे जावं, कारण मूळ कागद तिथेच गहाण आहेत. दुसरी बँक कर्ज देईल, पण आधी पहिलं कर्ज फेडून कागद सोडवावे लागतील. तोपर्यंतच्या वर्षात हाती आलेला बोनस किंवा फरकाची रक्कम प्लॉटच्या कर्जात भरली असेल तर इथे फायदा होतो: व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या बिगरव्यावसायिक कर्जात आगाऊ भरण्याला दंड नाही, आणि भरताना मुदत नव्हे तर हप्ता कमी करून मागितला की बांधकाम कर्जाची पात्रता वाढते. घराच्या कर्जात आम्ही नेहमी उलटं सुचवतो, मुदत कमी करा म्हणून. इथे कारण वेगळं आहे.

मुदत हुकली तर

लगेच जप्ती येत नाही. आधी पत्र येतं. त्यानंतर काय, हे करारावर अवलंबून. सर्वसाधारणपणे बँक कर्जाला घराच्या गटातून काढून जमिनीवरच्या साध्या कर्जाचा दर लावते. काही करारांत हा फरक पहिल्या दिवसापासून वसूल करायचं कलम असतं, आणि कर्ज एकरकमी परत मागण्याचा अधिकार तर जवळजवळ प्रत्येक करारात असतो. अटभंगाच्या दंडाबद्दल 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की तो व्याजदरात मिसळता येत नाही, वेगळं दंडशुल्क म्हणूनच लावायचा आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. कर्जखात्याच्या उताऱ्यात ‘दंडव्याज’ अशी ओळ दिसली तर लेखी खुलासा मागा.

फरक किती पडतो? उदाहरणातल्या कर्जात तीन वर्षांनी सुमारे 16.7 लाख बाकी असतात. दर 9 वरून 11 टक्के झाला आणि उरलेली 12 वर्षं तसाच राहिला, तर हप्ता महिना 1,900 च्या आसपास वाढतो. एकूण पावणेतीन लाखांहून जास्त, ज्यात वीटही येत नाही.

मुदत हुकणार असं दिसलं तर सहा महिने आधी अर्ज करा, पत्राची वाट बघू नका. अर्जात कारणासोबत कागद हवेत: मोजणीच्या अर्जाची पोच, परवानगीची फाईल, आजारपणाची कागदपत्रं, जे असेल ते. त्यासोबत प्रत्यक्ष कामाचा पुरावा असला की अर्जाला वजन येतं. जोते बांधून झालं आहे, आर्किटेक्टचा दाखला आणि तारखेसह फोटो जोडले आहेत, अशा फाईलला मुदतवाढ देणं शाखाधिकाऱ्याला सोपं जातं. मोकळ्या प्लॉटच्या फाईलला ती देताना त्याला वर उत्तर द्यावं लागतं. कुंपण किंवा बोअर घेतला म्हणजे बांधकाम सुरू झालं, असं बँक मानत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवून सुटू, हा मार्ग बहुतेक बंद असतो. मुदत उलटलेलं प्लॉटचं कर्ज घ्यायला दुसरी बँक सहसा तयार होत नाही.

आयकराचं घड्याळ वेगळं

बँकेच्या मुदतीशी याची गल्लत होते. मोकळ्या प्लॉटच्या व्याजावर किंवा मुद्दलावर करसवलत नाही. जुनी करपद्धती निवडणाऱ्यांना राहत्या घराच्या व्याजाची वर्षाला 2 लाखांपर्यंतची वजावट घर पूर्ण झालेल्या वर्षापासून मिळते. त्याआधीच्या आर्थिक वर्षांत भरलेलं व्याज पाच समान भागांत, घर पूर्ण झालेलं वर्ष धरून पाच वर्षांत दाखवता येतं, पण त्याच 2 लाखांच्या मर्यादेत. अट अशी की कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण व्हावं. जून 2026 च्या कर्जाला ही तारीख 31 मार्च 2032 होते. ती हुकली तर 2 लाखांची मर्यादा 30,000 वर येते. नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, त्यामुळे तिथे हा हिशोब लागू होत नाही. जुन्या पद्धतीत असाल तर दर मार्चअखेरीस प्लॉटच्या कर्जाचं व्याज प्रमाणपत्र काढून एका फाईलला लावत जा. चार वर्षांनी शाखेत मागायला गेलं की जुने आकडे मिळवताना दमछाक होते.

शेवटचा कागद

घर झालं, वास्तुशांत झाली, की बँकेकडे कोणी फिरकत नाही. पण बँकेच्या संगणकात तुमचं कर्ज अजून ‘मोकळा प्लॉट’ म्हणूनच असतं आणि मुदतीची तारीख आली की यंत्रणा आपोआप पत्र काढते. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला, घरपट्टीची आकारणी आणि घराचे फोटो शाखेत द्या. अर्जात दोन मागण्या लिहा: बांधकामाची अट पूर्ण झाल्याची नोंद करावी, आणि प्लॉटचं कर्ज वेगळं असेल तर त्याला घराच्या कर्जाचा दर लावावा. पोच घ्या. पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात दर बदललेला दिसला की फाईल कपाटात ठेवा.